खोली सोमनाथची, पैसे भलत्याच्याच खात्यात

सोमनाथ-द्वारकेचा बेत ठरला की घरातलं कुणीतरी मोबाइलवर ट्रस्टच्या अतिथिगृहाचं बुकिंग शोधतं आणि सगळ्यात वर दिसेल ती साइट उघडतं. ठग याच शोधाची वाट पाहत असतात. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५मध्ये यात्रेकरूंना सावध केलं, तेव्हा सोमनाथ ट्रस्टचं अधिकृत संकेतस्थळ somnath.org हेच असल्याचं मुद्दाम सांगितलं होतं.

गैरसमज: पत्त्याशेजारी कुलूप आहे आणि साइट सगळ्यात वर दिसते, म्हणजे ती खरी.
वरची जागा जाहिरात देऊन विकत मिळते. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. पत्ता वाचताना https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिच्या लगेच आधीचा भाग बघा. somnath.org.example.com या पत्त्यात सोमनाथचं नाव दिसलं, तरी साइट example.com वाल्याची असते.

गैरसमज: साइटवरच्या नंबरवर फोन केला, माणूस नीट बोलला, खात्री झाली.
अनेक लोक इथेच फसतात. साइट बनावट असेल तर तिच्यावरचा नंबरही त्याच टोळीचा. तो माणूस ट्रस्टच्या सागर दर्शन अतिथिगृहातली समुद्राकडची खोली तुम्हाला वर्णन करून सांगेल. फोटो आणि माहिती खऱ्या साइटवरूनच तर उचललेली असते. म्हणून नंबर दुसरीकडून मिळवा: ट्रस्टचा पत्ता स्वतः टाइप करून, किंवा तिथे राहून आलेल्यांच्या जुन्या पावतीवरून. नकाशावरचा नंबर एकट्याने पुरेसा नाही, कारण तिथे कुणीही बदल सुचवू शकतं आणि तो कधी कधी मान्यही होतो. फोन लागला की ‘खोली आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘या साइटवरून, या तारखेचं, या नावाने बुकिंग तुमच्याकडे दिसतंय का, आणि पैसे कोणत्या खात्यावर घेता?’ असं विचारा.

कोकणातल्या घरगुती होमस्टेची गोष्ट वेगळी. त्यांची स्वतःची साइट बहुधा नसते आणि पैसे मालकाच्या खात्यातच जातात, त्यात संशयास्पद काही नाही. अशा वेळी मालकाचं नाव गावातल्या दुसऱ्या कुणाकडून, अगदी शेजारच्या खानावळीतूनही, पडताळून घ्यावं आणि यूपीआयवर पिन टाकण्याआधी दिसणारं नाव तेच आहे का ते पाहावं. पूर्ण भाडं आत्ताच भरा म्हणणाऱ्याशी मी तरी व्यवहार करणार नाही.

गैरसमज: चुकून जास्त पैसे गेले तर क्यूआर स्कॅन करून परत मिळतात.
पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, म्हणजे आणखी पैसे जाणार. अशा वेळी फोन ठेवा, आधीच्या व्यवहाराचा क्रमांक हाताशी घ्या आणि लगेच १९३०वर तक्रार करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली, तर ती परत मिळण्याची शक्यता जास्त असते.