परीक्षेच्या दारातच अडवणारा व्हीपीएन

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा नाशिकमधल्या आपल्या घरून क्लाउडच्या प्रमाणपत्राची परीक्षा देणार आहे, असे समजू. अशा बऱ्याच परीक्षा पिअर्सन व्ह्यू ही कंपनी ‘ऑनव्ह्यू’ या सॉफ्टवेअरवर घेते. ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटे आधी चेक-इन उघडते. ओळखपत्राचा, चेहऱ्याचा आणि खोलीचा फोटो द्यायचा असतो. मुलगा वेळेवर बसतो, पण पडद्यावर सूचना येते की तुमच्या संगणकावर व्हीपीएन चालू आहे, तो बंद करा. त्याने तर व्हीपीएन लावलेलाच नाही! तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तीच सूचना येते, आणि घड्याळ पुढे सरकत राहते.

या प्रसंगात मुलगा खोटे बोलत नसतो आणि सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा चुकत नसते. दोघे ‘व्हीपीएन चालू असणे’ या एकाच गोष्टीकडे वेगवेगळ्या नजरेने पाहत असतात.

व्हीपीएन म्हणजे तुमच्या संगणकापासून दुसरीकडच्या एका सर्व्हरपर्यंत काढलेला कुलूपबंद बोगदा. तुमची सगळी ये-जा त्या बोगद्यातून होते, म्हणून पलीकडच्या वेबसाइटला तुमचा खरा पत्ता दिसत नाही, सर्व्हरचा दिसतो. नाशिकहून लिहिलेले पत्र सिंगापूरच्या नातेवाइकाकडे पाठवून त्याने तिथून टपालात टाकावे, तसा हा प्रकार आहे. एरवी यात गैर काही नाही. ऑफिसचे काम घरून करणारे लाखो लोक रोज हेच करतात, आणि आपल्या देशात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदीही नाही.

परीक्षा घेणाऱ्याला मात्र त्या कुलपाचीच अडचण होते. परीक्षार्थी कोणत्या देशातून बसला आहे हे त्याला कळावे लागते, कारण काही परीक्षा ठरावीक देशांतच देता येतात. शिवाय कार्यालयांचे व्हीपीएन संगणकाला दुसऱ्या जाळ्याशी जोडतात. त्या जाळ्यावरचा माणूस या संगणकापर्यंत पोहोचू शकतो का, हे परीक्षकाला बाहेरून तपासता येत नाही. तिसरे कारण साधे तांत्रिक आहे. कॅमेऱ्याचे चित्र सतत पाठवायचे असते, आणि लांबच्या सर्व्हरला वळसा घालून जाताना ते अडखळते. चित्र तुटले की परीक्षा थांबते.

‘पण मी व्हीपीएनमध्ये भारतच निवडला आहे,’ असे काही जण म्हणतात. त्याचाही उपयोग नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांसारख्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यांच्या यादीत ‘भारत’ दिसतो आणि पत्ताही भारतीय मिळतो, पण यंत्र सिंगापूर किंवा लंडनसारख्या ठिकाणी असते. नाशिकमधून नाशिकमध्येच बसल्यासारखे दिसण्यासाठी असा वळसा घेण्यात काहीच अर्थ नाही.

आता सॉफ्टवेअरला व्हीपीएन सापडतो कसा, ते पाहू, कारण त्यावरच उपाय ठरतो. प्रत्येक सॉफ्टवेअरची पद्धत थोडी वेगळी असली, तरी पाहण्याच्या जागा साधारण तीन आहेत. पहिली जागा म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची यादी. खिडकी उघडी नसली तरी व्हीपीएनचा प्रोग्राम मागे चालू असू शकतो. दुसरी जागा नेटवर्क अ‍ॅडॅप्टर. व्हीपीएन बसवताना विंडोजमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होते आणि व्हीपीएन तोडल्यावरही ते तिथेच राहते. तिसरी जागा तुमचा इंटरनेटवरचा पत्ता. घरगुती ब्रॉडबँडचे पत्ते आणि सर्व्हर ठेवणाऱ्या डेटा सेंटरचे पत्ते वेगळे ओळखता येतात. पहिल्या दोन ठिकाणी नुसती खूण सापडली तरी काही सॉफ्टवेअर अडून बसतात. बोगदा प्रत्यक्षात जोडलेला आहे की नाही, हे ते विचारातच घेत नाहीत.

आपल्या नाशिकच्या मुलाच्या लॅपटॉपवर दोन गोष्टी दडल्या आहेत असे धरू. एक, त्याने विकत घेतलेल्या अँटिव्हायरससोबत आलेला व्हीपीएन, जो संगणक सुरू होताच आपोआप चालू होतो. दुसरी, गेल्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी टाकलेला आणि नंतर विसरलेला ओपनव्हीपीएन.

त्याने पहिल्यांदा पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक करावे. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की बरेच प्रोग्राम बंद होत नाहीत, फक्त इथे येऊन बसतात. चिन्हावर उजवे क्लिक करून Quit किंवा Exit निवडावे लागते. पण त्याआधी एक काम महत्त्वाचे आहे. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ‘किल स्विच’ असेल तर तो आधी बंद करावा. व्हीपीएन तुटला की इंटरनेटही तोडायचे, हेच या स्विचचे काम. तो तसाच ठेवून व्हीपीएन बंद केला, तर इंटरनेटच जाते आणि आपणच काहीतरी बिघडवले असे वाटून मुले घाबरतात. त्याच सेटिंगमध्ये ‘संगणकाबरोबर सुरू व्हा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तोही काढून टाकावा. नाहीतर परीक्षेच्या सकाळी व्हीपीएन पुन्हा हजर.

मग विंडोज आणि R ही दोन बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत हे लिहावे:

```
ncpa.cpl
```

संगणकातली सगळी नेटवर्क कार्डे समोर येतात. Wi-Fi आणि Ethernet ही आपली खरी. त्यांच्या शेजारी TAP-Windows Adapter V9, WireGuard Tunnel किंवा Fortinet असे काही दिसले, तर ती व्हीपीएनची मागे राहिलेली कार्डे. त्यावर उजवे क्लिक करून Disable करता येते. वापरात नसलेला प्रोग्राम मात्र सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून पूर्ण काढून टाकलेला बरा. आपल्या मुलाचा ओपनव्हीपीएन इथेच सापडतो. पुढे सेटिंगमध्ये Network & internet खाली VPN आणि Proxy ही दोन पाने पाहावीत. प्रॉक्सी हाताने भरलेली असेल तर ती बंद करावी. ब्राउझरमधली ‘फ्री व्हीपीएन’ एक्स्टेन्शने काढावीत. ओपेरा ब्राउझरमध्ये व्हीपीएन आतच असतो, हेही ध्यानात ठेवावे. मॅक वापरणाऱ्यांनी सिस्टिम सेटिंगमधला व्हीपीएन आणि आयक्लाउडमधला प्रायव्हेट रिले दोन्ही पाहावेत.

शेवटी संगणक Restart करावा, Shut down नव्हे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती साठवून पुढच्या वेळी तीच परत उघडली जाते. रीस्टार्टने मात्र सगळे नव्याने सुरू होते. काढून टाकलेल्या व्हीपीएनची सूचना तरीही येत राहते, यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

इतके करूनही सूचना आली, तर दोष संगणकात नसून वायफायमध्ये असू शकतो. काही घरांत आणि कार्यालयांत व्हीपीएन राउटरमध्येच बसवलेला असतो, आणि तो लॅपटॉपवर कितीही शोधला तरी सापडत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पाहिले की निकाल लगेच लागतो. हॉटस्पॉटवर सॉफ्टवेअर सुरू झाले, तर अडथळा वायफायचाच होता. एक खुलासा इथेच करतो. मोबाइलच्या इंटरनेटवर ‘तुम्ही कुठे आहात’ असे दाखवणारी वेबसाइट नाशिकऐवजी मुंबई दाखवेल. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सामायिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे शहर चुकते. तो व्हीपीएन नव्हे, त्याची काळजी करू नका.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर वेळ दवडू नका. दादाचा किंवा वडिलांचा ऑफिसचा लॅपटॉप चांगला असतो म्हणून मुले तो परीक्षेसाठी मागून घेतात. पण त्यातला व्हीपीएन आणि फायरवॉल आयटी विभागाच्या ताब्यात असतात, ते बंद करण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नसतो. बळेच काढायला गेलात, तर परीक्षा राहील बाजूला आणि दादाची नोकरी अडचणीत येईल. मित्राचा साधा, घरगुती लॅपटॉप याहून कितीतरी बरा.

व्हीपीएन लपवण्याच्या युक्त्याही इंटरनेटवर भरपूर मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. सुरुवातीला व्हीपीएन दिसला तर परीक्षा फक्त सुरू होत नाही, तो दोष तांत्रिक मानला जातो. लपवलेला व्हीपीएन मध्येच उघड झाला तर तो गैरप्रकार ठरू शकतो. मग निकाल रोखला जातो, आणि ‘मी उत्तरे स्वतःच लिहिली’ हे सिद्ध करणे तुमच्यावर येते.

खासगीपणाची चिंता करणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही. कॅमेरा, माइक आणि पडदा परक्याच्या हाती देणे कोणालाच आवडत नाही. पण इथे व्हीपीएन तुम्हाला वाचवत नाही. उत्तरांची ये-जा एरवीही कूटबद्ध असते, आणि कॅमेऱ्यासमोरचे चित्र व्हीपीएन झाकू शकत नाही. कंपनी कोणती माहिती किती काळ ठेवते हे तिच्या धोरणात वाचा. ते पटले नाही, तर परीक्षा केंद्रावर जाऊन देण्याचा पर्याय आहे का ते पाहा. ज्या देशात परीक्षेची वेबसाइटच व्हीपीएनशिवाय उघडत नाही, तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांसाठीही तोच सरळ मार्ग आहे.

एवढी काळजी घेऊनही ऐन वेळी सूचना आलीच तर? चेक-इन पूर्ण झालेले नसेल, तर मोबाइलने त्या सूचनेचा वेळेसह फोटो काढा. परीक्षा सुरू झाल्यावर मोबाइलला हात लावणे हाच नियमभंग ठरतो, म्हणून हे आधीच करायचे. मग मदत-चॅट उघडून पडद्यावरची सूचना जशीच्या तशी लिहा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ठरलेल्या वेळेनंतर थोड्याच मिनिटांत प्रवेश बंद होतो आणि तुम्ही गैरहजर ठरता. नवी तारीख मागताना हा क्रमांक हातात असला, तर वेळेवर हजर होतो असे दाखवता येते. तो नसेल तर फी बुडण्याची शक्यता मोठी.

घरून होणाऱ्या बहुतेक परीक्षांच्या वेबसाइटवर सिस्टिम टेस्ट मोफत असते. फी भराल त्याच दिवशी ती करा, आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा करा. ज्या लॅपटॉपवर, ज्या वायफायवर आणि ज्या खोलीत बसून परीक्षा देणार, नेमक्या तिथेच करा.