पगारपत्रकातून खतावणीत

महिन्याच्या पगाराची हिशेबातली नोंद बँकेतून गेलेल्या रकमेवर बेतली की चुकते. कर्मचाऱ्याच्या खात्यात निव्वळ पगार जमा होतो, पण कंपनीचा खर्च त्याहून बराच मोठा असतो. मधला फरक दोन प्रकारचा असतो. काही रक्कम कर्मचाऱ्याच्याच पगारातून कापलेली असते, तर काही कंपनीने स्वतःच्या खिशातून वर घालायची असते. या दोन्ही रकमा काही दिवस कंपनीच्या बँक खात्यात राहतात, पण त्या कंपनीच्या नसतात.

पुण्याजवळच्या एका कारखान्यातल्या व्यवस्थापकाचा ऑगस्ट २०२५चा पगार उदाहरणादाखल घेता येईल. मूळ वेतन ६०,०००, घरभाडे भत्ता ३०,००० आणि विशेष भत्ता ४०,००० असे मिळून ढोबळ पगार १,३०,००० रुपये होतो.

यातून पहिली कपात भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची. ती मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के असते. इथे महागाई भत्ता नसल्याने ७,२०० रुपये. कायद्याने सप्टेंबर २०१४ पासून ठरवलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपुरतीच, म्हणजे १,८०० रुपये, कपात करणाऱ्या कंपन्याही आहेत. या कारखान्याने पूर्ण मूळ वेतन धरले आहे.

दुसरी कपात आयकराची, म्हणजे टीडीएसची. ती फक्त एका महिन्याच्या पगाराकडे पाहून काढता येत नाही. वर्षाचा अंदाजी पगार १५,६०,००० रुपये. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की १४,८५,००० उरतात. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीच्या टप्प्यांनुसार त्यावर १,०२,७५० रुपये कर आणि ४ टक्के उपकर मिळून १,०६,८६० रुपये होतात. बारा महिन्यांत विभागले की दरमहा ८,९०५. मधेच पगारवाढ किंवा बोनस मिळाला, तर हे गणित पुन्हा मांडून वाढीव कर उरलेल्या महिन्यांवर पसरावा लागतो. महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) ही तिसरी कपात. तिन्ही मिळून १६,३०५ रुपये कापले गेले आणि हाती आले १,१३,६९५.

महिनाअखेरची पहिली नोंद अशी होते:

पगार खर्च खाते, नावे १,३०,०००
कर्मचारी पीएफ देय खाते, जमा ७,२००
टीडीएस देय खाते, जमा ८,९०५
व्यवसाय कर देय खाते, जमा २००
निव्वळ पगार देय खाते, जमा १,१३,६९५

खर्च पूर्ण ढोबळ पगाराचा पडतो, कारण कर्मचाऱ्याने तेवढे कमावले आहेत. त्यातले काही पैसे त्याच्या वतीने तिसऱ्याकडे पोचवण्याचे काम कंपनीकडे आहे, एवढेच. कापून घेतलेला पीएफ मालकाकडे विश्वासाने सोपवलेली रक्कम आहे, असे फौजदारी कायदाही मानतो. म्हणून ‘देय’ खाती वेगळी ठेवणे गरजेचे आहे.

दुसरी नोंद कंपनीच्या स्वतःच्या वाट्याची. मालकही १२ टक्के भरतो, पण ते सगळे पीएफ खात्यात जात नाहीत. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेकडे वळतात आणि हा हिस्सा १५,००० रुपयांवरच मोजतात, म्हणून तो १,२५० रुपयांवर थांबतो. उरलेले ५,९५० रुपये पीएफमध्ये पडतात. (सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सभासद झालेल्या आणि तेव्हाच १५,००० च्या वर मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला पेन्शन योजना लागू होत नाही, त्याचा पूर्ण हिस्सा पीएफमध्ये जातो. उदाहरणातले व्यवस्थापक जुने सभासद आहेत.) याशिवाय ठेवसंलग्न विम्याचे ७५ आणि ०.५ टक्के प्रशासकीय आकाराचे ३०० रुपये. प्रशासकीय आकाराला आस्थापनेमागे महिना किमान ५०० रुपयांची अट आहे, पण कारखान्यात इतरही सभासद असल्याने ती इथे आडवी येत नाही.

मालकाचे पीएफ अंशदान खर्च खाते, नावे ७,५७५
मालकाचे पीएफ देय खाते, जमा ७,५७५

हे ७,५७५ रुपये कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेले नाहीत, म्हणून पगार खर्चात मिसळू नयेत. नेमणूकपत्रात ‘कंपनीचा एकूण खर्च’ म्हणून जो मोठा आकडा लिहितात, त्यात मात्र ते धरलेले असतात. या व्यवस्थापकाचा महिन्याचा खरा खर्च १,३७,५७५ रुपये आहे.

आता भरणा. पीएफचे मासिक विवरण ऑनलाइन चढवले की एकच चलन तयार होते: ७,२०० अधिक ७,५७५, म्हणजे १४,७७५ रुपये. ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. टीडीएसची मुदत पुढच्या महिन्याची ७ तारीख. मार्चच्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत सवड असते. इथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. पीएफ ज्या महिन्याच्या वेतनाचा, त्या महिन्याला बांधलेला असतो. टीडीएस मात्र पगार प्रत्यक्ष देताना कापायचा असतो. ऑगस्टचा पगार ५ सप्टेंबरला दिला, तर त्याचा पीएफ १५ सप्टेंबरपर्यंतच भरावा लागेल, पण टीडीएसची मुदत ७ ऑक्टोबरवर जाईल. टीडीएस कापून उशिरा भरला, तर महिन्याला दीड टक्का व्याज लागते आणि महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरतात.

भरणा करताना नवीन खर्च होत नाही, देणे फिटते. म्हणून पीएफ भरल्यावर दोन्ही देय खाती नावे आणि बँक जमा. नेमके इथेच चुकते. समजा, चलन भरल्यावर लेखनिकाने ७,२०० रुपये कर्मचारी पीएफ देय खात्यात नावे टाकले आणि ‘कंपनीचा वाटा’ म्हणून उरलेले ७,५७५ पुन्हा खर्चात धरले. बँकेचा हिशेब तंतोतंत जुळतो, कोणाची तक्रार येत नाही, पण खर्च दोनदा पडलेला असतो. वर्षभर असेच चालले, तर एकट्या या व्यवस्थापकापायी नफा ९०,९०० रुपयांनी कमी दिसेल आणि ताळेबंदात तेवढेच खोटे देणे उभे राहील.

ही चूक हुडकायची जागा देय खात्यांत आहे. १६ सप्टेंबरला दोन्ही पीएफ खात्यांतली ऑगस्टची बाकी शून्य असायला हवी. ७,५७५ ची जमा बाकी तशीच दिसली, तर भरणा खर्चाला टाकला गेला असण्याची शक्यता मोठी. चलनाची पावती समोर ठेवली की लगेच कळते. पावतीच सापडली नाही, तर भरणा राहिला आहे. उलट नावे बाकी दिसली, तर महिनाअखेरची नोंद राहिली किंवा कमी रकमेची झाली. टीडीएसची बाकी अशीच तपासून तिमाही विवरणपत्रातल्या आकड्यांशी ताडायची.

उशिराचा फटका दोन हिश्शांना सारखा बसत नव्हता, यावरूनही खाती वेगळी ठेवण्याचे महत्त्व दिसते. मालकाचा वाटा मुदतीनंतर, पण आयकर विवरणपत्राच्या अंतिम तारखेआधी भरला, तर १९६१च्या आयकर कायद्याखाली तो खर्च त्याच वर्षी मान्य होई. कर्मचाऱ्याकडून कापलेला पीएफ मात्र मुदतीत भरला नाही, तर ती वजावट कायमची जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेस खटल्यात स्पष्ट केले. दोन्ही हिस्से एकाच ‘पीएफ देय’ खात्यात घातलेल्या कंपन्यांना लेखापरीक्षणाच्या वेळी कोणती रक्कम किती उशिरा गेली, हे चलन चलन उलगडून शोधावे लागले.