भाग : पेल्यांवरचा पांढुरका थर आणि माझी पाणीबचत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

आमच्या सोसायटीत बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी येतं. वर्षभरापूर्वी घरी आरओ बसवला. त्याचं वाया जाणारं पाणी बघून मला राहवेना, म्हणून ती नळी बादलीत सोडली आणि त्या पाण्याने भांडी विसळायची असं ठरवलं. स्वतःवर भलताच खूश होतो मी. चारेक महिन्यांत काचेचे ग्लास धुरकट झाले आणि आईचे स्टीलचे पेले पांढरट दिसायला लागले. हे पेले तिच्या लग्नातले, प्रत्येकावर 'सप्रेम भेट' कोरलेलं. पाहुणे आले की ती ते मागे सारायची. शेवटी म्हणाली, "भांडीवालीला देऊन टाकते, मोडीत तरी जातील."

मग मी जरा खोलात गेलो. टीडीएस मीटरवर नळाचं पाणी दाखवत होतं 620, आरओचं पिण्याचं 45. आमचं मशीन 1 लिटर चांगलं पाणी देताना दीड लिटर बाहेर टाकतं. म्हणजे अडीच लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या दीड लिटरमध्ये जमा होतात. बादलीतलं पाणी मोजलं, तर 1000च्या आसपास! मी पेले नळापेक्षाही जड पाण्याने विसळत होतो.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पेल्यावरचा थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. तो साबणाने विरघळत नाही, त्यामुळे कितीही घासलं तरी हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. आंबट पदार्थाने मात्र विरघळतो.

पण आधी एक तपासणी करा. काचेवरचा धुरकटपणा दोन प्रकारचा असतो : वर साचलेला थर, किंवा काचच झिजलेली. डिशवॉशरमध्ये वारंवार धुतलेल्या ग्लासांची काच अशी झिजते. एका जागी व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, धुवा आणि पूर्ण कोरडं करून बघा. ओली असताना दोन्ही प्रकारची काच स्वच्छच दिसते, मी पहिल्यांदा तिथेच फसलो. वाळल्यावर तेवढाच ठिपका चकचकीत दिसला, तर तो चुना आहे. ठिपका थोडाच उजळला, तर थर जाड असेल, पुन्हा एकदा करून बघा. तरीही काहीच फरक नाही आणि नखाला खरखरीत लागतं, तर काच झिजली असण्याची शक्यता जास्त. ती परत येत नाही.

आमचा ठिपका चमकला. मग असं केलं : प्लॅस्टिकच्या टबात 1 लिटर कोमट पाणी आणि 2 मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड. पाणी उकळतं नको, काच तडकते. काचेचे ग्लास अर्धा तास बुडवून ठेवले. स्टीलला पंधरा मिनिटं पुरली. थर जाड होता तिथे बारीक बुडबुडे येताना दिसले. मग मऊ स्पंजने पुसून घेतलं. कोरलेल्या अक्षरांत चुना अडकला होता, तो जुन्या टूथब्रशने निघाला. दोन पेल्यांना दुसरी फेरी लागली. नंतर नेहमीच्या साबणाने धुतलं.

तीन गोष्टी टाळा. लिंबाबरोबर मीठ लावून स्टील ठेवू नका, मिठातल्या क्लोराइडमुळे त्याला बारीक खड्डे पडू शकतात. बाथरूमचं ॲसिड तर अजिबात नको, तेही क्लोराइडच, शिवाय त्याची वाफ घातक असते. आणि तारेच्या घासणीने स्टीलवर ओरखडे पडतात, पुढचा चुना तिथेच घट्ट बसतो.

आता बादलीतलं पाणी लादी पुसायला आणि संडासात टाकायला वापरतो. पेले नळाखाली विसळले की लगेच कोरड्या फडक्याने पुसतो. थेंब पेल्यावर वाळलाच नाही, तर डागही पडत नाही. नळाचं पाणी जड आहे ते आहेच, त्यामुळे थोडा थर येतो. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाचं पाणी करावं लागतं.

परवा पाहुण्यांना आईने त्याच पेल्यांतून पन्हं दिलं. पेले मोडीत गेले नाहीत, माझी बादली मात्र तिने बाल्कनीत हलवली.

भेटू पुढच्या भागात.