कोसळत्या पावसात चालते, उघडिपीत बंद पडते

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ज्या छापखान्यात मी देखभाल पाहतो, तिथे चार रंगांचे शीटफेड ऑफसेट मशीन आहे. त्याची मुख्य मोटर १५ किलोवॅटची असून ती ड्राइव्हवर चालते. जुलैमध्ये या मशीनच्या वहीत पुन्हापुन्हा एकच नोंद पडत होती : 'सकाळी ड्राइव्ह ट्रिप. हवा दमट. ड्रायर मारला, चालू झाले.' नोंद खोटी नव्हती, पण तिच्यावरून दुरुस्ती करता येत नव्हती. दमट हवा म्हणजे किती दमट, ड्रायर कुठे मारला, पडद्यावर कोणता कोड होता, यांतले काहीच तिच्यात नव्हते. म्हणून नोंद नव्याने लिहायला घेतली.

पहिली पूर्ण नोंद अशी आहे.

'स. ७.१०. इंचिंगचे बटण दाबताच GF. रीसेट केले, पुन्हा GF. मोटर हललीही नाही. हॉल २३ अंश, आर्द्रता ५८ टक्के. बाहेर पाऊस नाही, ढगाळ. मेन बंद करून लॉक केला. ड्राइव्हमधली डीसी बस उतरल्याची मीटरवर खात्री केली. मोटरची केबल ड्राइव्हच्या U, V, W वरून सोडली. केबलशिवाय ड्राइव्ह चालवला : ५० हर्ट्झपर्यंत गेला, ट्रिप नाही.'

GF म्हणजे ग्राउंड फॉल्ट. ड्राइव्हमधून तीन फेजवर जाणारा करंट आणि परत येणारा करंट जुळला नाही, काही भाग जमिनीकडे गेला, तर ड्राइव्ह स्वतःला थांबवतो. मशीनमनचा संशय ड्राइव्हच्या कार्डावर होता. रात्री कार्डाला ओल धरते, असे तो म्हणायचा आणि पॅनेल उघडून ड्रायर धरायचा. अर्ध्यापाऊण तासात मशीन चालू व्हायचे, त्यामुळे त्याचे म्हणणे खरे वाटायचे. पण केबल सोडल्यावर तोच ड्राइव्ह त्याच ओल्या सकाळी विनातक्रार चालला. म्हणजे दोष केबलमध्ये नाहीतर मोटरमध्ये होता. पुढच्या वेळी पॅनेलला ड्रायर न लावता नुसते थांबून पाहिले. तेवढ्याच वेळात मशीन चालू झाले. ड्रायर जिथे धरला जात होता, तिथे ओल नव्हतीच.

मेगर लावण्याआधी केबल ड्राइव्हपासून सुटलेली आहे याची खात्री करावीच लागते. मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हमध्ये शिरले तर आतले ट्रान्झिस्टर जाऊ शकतात आणि मग साध्या दुरुस्तीऐवजी नवा ड्राइव्ह घ्यावा लागतो. पुढची नोंद :

'स. ७.३५. केबल आणि मोटर एकत्र, बॉडीकडे ०.२ मेगाओहम. मोटरच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण काढले. आत हाताला ओल. केबल दोन्हीकडून मोकळी करून : ५०० च्या वर. वाइंडिंगच्या तारा ब्लॉकवरून काढून, नुसते वाइंडिंग : ८५. नुसता टर्मिनल ब्लॉक : ०.२.'

वाइंडिंग ठीक, केबल ठीक. सगळी गळती सहा स्टडच्या त्या लहानशा ब्लॉकवर होती. कमी व्होल्टेजच्या मोटरसाठी मी निदान ५ मेगाओहम धरतो, जुने वायरमन १ वर समाधान मानायचे. ०.२ दोन्ही मापांनी वाईट.

तरीही मला इथे अडखळायला झाले. ०.२ मेगाओहमवर चारपाचशे व्होल्ट दिले तर गळती दोनअडीच मिलिअँपियरची होते. एवढ्याशा गळतीने हा ड्राइव्ह ट्रिप होत नाही, त्याला बरेच अँपियर जमिनीकडे जावे लागतात. मेगरचा आकडा वाईट असला तरी ट्रिपचे पूर्ण कारण त्यात नव्हते. उत्तर ब्लॉक काढून उजेडात धरल्यावर मिळाले. एका स्टडपासून बॉक्सच्या लोखंडापर्यंत केसाएवढी काळी रेघ गेली होती. प्लास्टिक जळून झालेला तो कोळशाचा माग होता. कोरडा असताना तो पुरेसा तुटक असतो, ओल धरली की पूल पुरा होतो आणि ठिणगी पलीकडे उडी मारते. त्या क्षणी गळती मिलिअँपियरची राहत नाही.

ठिणगी नेमकी तिथेच का, याचे कारण ड्राइव्हच्या कामात आहे. ४१५ व्होल्टची वीज तो आधी डीसी करतो, ती साधारण ५८५ व्होल्ट होते, आणि मग तिच्या अतिवेगवान धडका मोटरला पाठवतो. केबल लांब असली की या धडका मोटरच्या टोकाशी आपटून उलटतात आणि तिथले शिखर जवळजवळ दुप्पट होऊ शकते. आमची केबल सुमारे तीस मीटर आहे. साऱ्या रस्त्यात सर्वांत जास्त ताण सोसणारी जागा मोटरचा टर्मिनल बॉक्सच होती, आणि ओल तिथेच साठत होती. शिवाय तिथे पांढरट, चिकट थर होता. छापलेल्या कागदाची शाई मागच्या कागदाला लागू नये म्हणून डिलिव्हरीत पावडर उडवतात. ती बहुतेक मक्याच्या स्टार्चची असते. स्टार्च, कागदाची धूळ, तेलाची वाफ आणि फाउंटन सोल्युशनमधले क्षार मिळून झालेला तो थर पाणी ओढून धरतो आणि वीजही वाहतो.

इथपर्यंत दोषाची जागा कळली. पण हॉलमध्ये एसी रात्रभर चालतो, कारण कागदाचे गठ्ठे तिथेच असतात. भिंतीवरचा मीटर ५८ टक्के दाखवतो. एवढ्या कोरड्या हॉलमध्ये बंद बॉक्सच्या आत पाणी आले कुठून?

वहीतल्या जुन्या तारखा पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा उलटेच चित्र दिसले. ज्या सकाळी पाऊस कोसळत होता त्या सकाळी एकही ट्रिप नव्हती. ट्रिप होत्या त्या उघडिपीच्या सकाळी. मशीनमनला हे विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, 'साहेब, पावसात कागदाची गाडी कुठे उतरवतो आपण? शटर बंदच असतं.'

सगळा रस्ता या एका वाक्यात होता. हॉलच्या मागे माल उतरवायची खोली आहे, तिचे शटर बाहेर उघडते. हॉल आणि खोलीमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे, तो हॉल बऱ्यापैकी सांभाळतो. पण मोटरच्या केबलचा ट्रेंच या खोलीत सुरू होतो, तोंडावर जाळीदार पत्रा आहे, आणि ट्रेंचमधून वर आलेला पाइप थेट टर्मिनल बॉक्सच्या तळाला लागतो. पाइपाच्या तोंडाशी सील नव्हते आणि बॉक्सच्या झाकणाचे गॅस्केट कडक होऊन तुटले होते. सकाळी साडेसहाला हॉलचा एक्झॉस्ट चालू होतो, हॉल थोडा बाहेरची हवा ओढतो, आणि तिला एक वाट या पाइपातून सापडते. झाकणाच्या फटीशी पेटती उदबत्ती धरली तेव्हा धूर बॉक्सपासून दूर ढकलला जात होता. हवा आतून बाहेर येत होती.

आकडे घेण्यासाठी मेन लॉक करून बॅटरीवरचा लहान नोंदक बॉक्समध्ये रात्रभर ठेवला आणि मशीन चालू करण्याआधी काढला. उघडिपीच्या सकाळी साडेसहाला आत ६० टक्के आर्द्रता होती. ६.४० ला शटर उघडले. ६.५० ला ८४, आणि ७.०५ ला ९९. त्या वेळी खोलीतली हवा २७ अंश आणि ८८ टक्के होती. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २४.८ अंश येतो, म्हणजे त्याहून थंड वस्तूला ती टेकली की पाणी सुटते. मोटरचे अंग होते २३.१ अंश, रात्रभराच्या एसीने गार झालेले. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो तसा ब्लॉकला घाम फुटत होता. हे पाणी फार नसते, दर घनमीटर हवेमागे दोनेक ग्रॅम. पण स्टार्चच्या थराला ते पुरते.

धो धो पावसाच्या सकाळी शटर बंद. खोलीत २५ अंश, ७० टक्के, दवबिंदू १९ च्या आसपास. मोटर तशीच २३ अंश. बॉक्समध्ये ६६ टक्के, मेगर ४० मेगाओहम. ट्रिप नाही.

हॉलच्या भिंतीवरचा मीटर दोन्ही सकाळी ५८ दाखवत होता. हॉलमधल्या आर्द्रतेचा टक्का या दोषाबद्दल काही सांगत नाही. लोखंडाचे तापमान आणि त्याला टेकणाऱ्या हवेचा दवबिंदू यांतले अंतर सगळे सांगते.

दुरुस्ती साधी झाली. टर्मिनल ब्लॉक नवा बसवला, कारण कोळशाचा माग घासून जात नाही, ब्लॉक साफ करून परत बसवणाऱ्यांकडे तोच दोष पुढच्या पावसाळ्यात येतो. पाइपाचे तोंड सीलिंग पुट्टीने बंद केले, बॉक्सला नवे गॅस्केट घातले. मोटरमध्ये वाइंडिंगला बांधलेला ५० वॉटचा हीटर होता, पण जोडलेला नव्हता. तो अशा रीतीने जोडला की मोटर बंद असताना चालू राहील आणि मोटर सुरू झाली की सुटेल. सकाळी मोटरचे अंग आता २८ च्या वर मिळते. मग मुद्दाम उघडिपीची सकाळ निवडून शटर सताड उघडे ठेवले आणि तासाभराने मेगर लावला. ब्लॉक आणि वाइंडिंग एकत्र ७० मेगाओहम. मशीन पहिल्याच बटणाला फिरले.

हीटरची एक मर्यादा आहे. वीज वाचवायला रात्री मशीनचा मेन पाडण्याची पद्धत बऱ्याच छापखान्यांत आहे, आणि हीटर त्याच मेनवर असेल तर नेमका हवा तेव्हा तो बंद असतो. आमचा हीटर लाइटिंगच्या डीबीवरून वेगळ्या एमसीबीवर घेतला आहे आणि त्यावर 'रात्री बंद करू नये' अशी पाटी आहे. त्यामुळे मेन बंद असतानाही टर्मिनल बॉक्समध्ये २३० व्होल्ट असतात. झाकण उघडणाऱ्याला हे दिसावे म्हणून दुसरी पाटी झाकणावरच लावली.

एसी हॉलमध्ये मशीन असलेल्या आणि सकाळच्या ट्रिपने हैराण झालेल्या प्रत्येक छापखान्याला माझे सांगणे आहे : वहीत 'दमट हवा' लिहू नका. पडद्यावरचा कोड, मोटरच्या अंगाचे तापमान, केबल जिथून येते तिथल्या हवेचे तापमान आणि आर्द्रता, आणि शटर उघडे होते की बंद, एवढे लिहा. आणि कार्डाला ड्रायर लावण्याआधी टर्मिनल बॉक्सचे चार स्क्रू काढून आत बघा, मेन लॉक करून.