नाव न लिहिता लिहिलेले इतिवृत्त

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबतच्या 2013 च्या कायद्यानुसार चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचे इतिवृत्त दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळते. चौकशी नियमानुसार झाली हे त्यातून दिसले पाहिजे, आणि ते चुकीच्या हाती पडले तरी त्यातली माणसे ओळखू येता कामा नयेत. कलम 16 नुसार तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीची कार्यवाही, सगळेच गोपनीय असते.

काळजीपूर्वक काम करणाऱ्या समित्या पहिल्याच बैठकीत सांकेतिक नावे ठरवतात. समजा, तक्रारदार 'अ', प्रतिवादी 'ब', साक्षीदार 'सा-1'. खरी नावे एका स्वतंत्र कागदावर लिहून तो पाकिटात मोहोरबंद करतात आणि अध्यक्षांकडे ठेवतात. ही गुप्तता दोन्ही पक्षांमध्ये मात्र नसते. आरोप कोणी केला हे न सांगता 'ब'ला उत्तर द्यायला लावणे न्यायाला धरून नाही, म्हणून तक्रारीची प्रत त्याला सात कामकाजाच्या दिवसांत मिळते आणि उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. प्रत कधी दिली, पोच कधी आली, हे तारखेसह इतिवृत्तात नोंदवावे लागते.

खरी चूक नावाआडून होते. 'लेखा विभागातील एकमेव महिला कर्मचारी अ' असे लिहिले की सांकेतिक नाव निरुपयोगी ठरते. म्हणून पद, मजला, पाळी, रजेच्या तारखा यांपैकी जे मुद्द्याला लागत नाही ते गाळतात. जबाबातला तपशील इतिवृत्तात उतरवत नाहीत. 'सा-1 यांचा तीन पानी जबाब घेतला, वाचून दाखवला, सही घेतली, परिशिष्ट 4' एवढी नोंद पुरते. संगणकावरच्या फाइलचे नावही याच कसोटीवर पाहावे. तिथे आडनाव राहून जाते.

प्रक्रियेची नोंद मात्र आखडती नको. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर लागतात, त्यामुळे उपस्थिती लिहावीच लागते. सलग तीन सुनावण्यांना कोणी कारण न देता आले नाही, तर एकतर्फी निर्णयापूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ती दिल्याची नोंद नसेल तर वरच्या पायरीवर अख्खी चौकशी डळमळते. गोव्यातील एका विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कारवाई रद्द केली, ती समितीने घाई केली आणि बचावाची पुरेशी संधी दिली नाही म्हणून. मुदतवाढ मागितली, दिली की नाकारली आणि का, हे प्रत्येक वेळी दोन ओळींत लिहिलेले असले, तर संधी मिळाली होती की नाही हे नंतर वाचणाऱ्यालाही कळते.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाला आणि दोन्ही पक्षांना मिळतो. कारवाई खऱ्या माणसावर करायची असल्याने मालकाला नावे कळवावीच लागतात. वार्षिक अहवालात मात्र नावे नव्हे, आकडे जातात: किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांहून अधिक रेंगाळल्या. लहान कार्यालयात एवढ्यावरूनही कोणाची तक्रार होती हे कळू शकते, म्हणून त्या आकड्याला विभागाचे नाव जोडत नाहीत.