मुदतवाढीचे पत्र कसे लिहावे?

निर्यातीचे पैसे ठरावीक मुदतीत भारतात आणणे निर्यातदारास बंधनकारक असते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मुदत ९ महिन्यांवरून १५ महिने केली. मुदतीत पैसे येणार नसतील, तर बँकेकडे वेळीच अर्ज करावा लागतो.

दिल्लीतील मुनिरका येथील एका कल्पित निर्यातदाराचे उदाहरण घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी २०,००० डॉलरच्या चादरी पाठविल्या. ८,००० डॉलर आले, उरलेले अडकले. त्या वेळची ९ महिन्यांची मुदत ऑक्टोबरमध्ये संपणार होती. सप्टेंबरमध्ये त्यांनी लिहिले, “खरेदीदार अडचणीत असल्याने ६ महिने मिळावेत.”

बँकेचे समाधान एवढ्याने होत नाही. विलंबाचे कारण निर्यातदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे तिला पटावे लागते. म्हणून त्यांनी पत्र नव्याने लिहिले. त्यात शिपिंग बिलाचा क्रमांक व दिनांक, आलेली व येणे असलेली रक्कम दिली. खरेदीदाराचा ई-मेल जोडला. त्यात ४,००० डॉलर नोव्हेंबरअखेर व ८,००० फेब्रुवारीअखेर देण्याचे लेखी आश्वासन होते. त्यावरून मुदत फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंतच मागितली आणि तोवर रक्कम येईल, असे घोषणापत्र दिले.

मात्र एक भेद ध्यानी असावा. ही मुदतवाढ परकीय चलन नियमांपुरती असते. त्याच बिलावर बँकेकडून कर्ज घेतले असेल, तर त्याची परतफेडीची तारीख आपोआप पुढे सरकत नाही आणि व्याजही थांबत नाही. त्याविषयी शाखेशी स्वतंत्रपणे बोलावे.