मिररलेस कॅमेरा की चांगला फोन? आधी बिघडलेले वीस फोटो तपासा

गटातल्या एका ताईंनी आम्हाला विचारलं आहे, "मला फोटोंचा नाद आहे. घरची लग्नं, बारशी, हळदीकुंकू, गटाची सहल, सगळ्यांचे फोटो मीच काढते. सध्याचा फोन ठीक आहे, पण रात्रीचे फोटो बिघडतात. साठ हजार साठवलेत. मिररलेस कॅमेरा घेऊ, की आणखी भारी फोन?"

साठ हजार म्हणजे थोडी रक्कम नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी आपण घरातच बसून हा प्रश्न सोडवू या.

आधी मिररलेस म्हणजे काय ते पाहू. लग्नातल्या फोटोग्राफरकडे पूर्वी जे मोठे कॅमेरे असत, त्यांच्या पोटात एक आरसा असायचा. लेन्समधून आलेलं चित्र तो वर डोळ्यापर्यंत पोहोचवायचा. नव्या कॅमेऱ्यातून तो आरसा काढून टाकला, म्हणून हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. त्यामुळे कॅमेरा लहान आणि हलका झाला. लेन्स मात्र पूर्वीसारखीच काढता-घालता येते, आणि आपल्या निर्णयात हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

आता फोटो कसा बनतो ते समजून घेऊ. पावसात अंगणात भांडं ठेवलं तर किती पाणी जमेल? ते तीन गोष्टींवर ठरतं: भांडं केवढं, पाऊस किती जोराचा, आणि भांडं किती वेळ बाहेर ठेवलं. फोटोतही तसंच आहे. पाण्याच्या जागी उजेड समजा. भांडं म्हणजे आतला सेन्सर, पावसाचा जोर म्हणजे लेन्सचं तोंड, आणि वेळ म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं ते.

चांगल्या फोनमधला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो. आपल्याला परवडेल अशा मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या साधारण सातपट मोठा असतो. फोन वाटी, तर कॅमेरा परात. दिवसाढवळ्या धो धो पाऊस असतो, तेव्हा वाटीसुद्धा क्षणात भरते. म्हणून उन्हातले किंवा व्हरांड्यातल्या उजेडातले फोटो दोन्हींत छान येतात आणि फरक शोधावा लागतो. अडचण येते ती रात्री मांडवात. उजेड कमी, म्हणून फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढ्यात हळद लावणारा हात हलतो आणि फोटोत धुरासारखा उमटतो.

पण रात्र झाली की फोन हरलाच, असंही नाही. गटाची सहल अजिंठ्याला गेली असं समजा. लेण्यांत अंधार असतो आणि चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. तरी तिथे फोन उत्तम काम करतो. तो रात्रीच्या मोडवर पाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते एकावर एक बसवून एकच उजळ फोटो बनवतो. भिंतीवरचं चित्र हलत नाही, म्हणून हे जमतं. दोन्ही कोपर छातीशी घट्ट धरून श्वास रोखला की झालं. म्हणजे नुसता अंधार ही अडचण नाही. अंधार आणि हालचाल एकत्र आली की फोन अडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण तीस फुटांवर खुर्चीत आणि लेक स्टेजवर नाचते आहे. फोनवर आपण बोटांनी चित्र तिप्पट मोठं करतो. तेव्हा बहुतेक फोन जवळ जात नाहीत, मधला तुकडा कापून तोच ताणतात. लांबी-रुंदी दोन्हींचा तिसरा भाग, म्हणजे वाटीचाही नववा भागच उरला. काही महाग फोनमध्ये लांबचं टिपायला वेगळी लेन्स असते, पण तिचा सेन्सर सहसा आणखी लहान असतो. उजेड कमी झाला की असा फोन कित्येकदा न सांगता पुन्हा मुख्य लेन्सकडेच वळतो. दुकानात हे ओळखायची सोपी युक्ती आहे. थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या राहा, चित्र तिप्पट मोठं करा आणि मागच्या एकेका लेन्सवर बोट ठेवा. जिच्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, तीच लेन्स चालू आहे.

मग कॅमेराच घ्यावा का? थांबा. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात जी लेन्स येते, तिचं तोंड बारीक असतं. लेन्सवर एक आकडा छापलेला असतो, आणि तो जितका लहान तितकं तोंड मोठं. चांगल्या फोनचा आकडा बहुधा १.८ च्या आसपास असतो. खोक्यातल्या लेन्सवर ३.५ ते ५.६, कधी त्याहून जास्त लिहिलेलं असतं. ३.५ म्हणजे पावसाचा जोर फोनच्या चौथाईवर आला. परात सातपट, पण पाऊस चौथाई. हाती आला जेमतेम दुप्पट उजेड, आणि तेवढी कसर फोन फोटो जोडून भरून काढतो. म्हणून पन्नास-साठ हजार घातल्यावर कितीतरी जणींना वाटतं, "अगं, मांडवातले फोटो तर फोनसारखेच आले!" कॅमेरा वाईट नसतो, त्याच्यावरची लेन्स त्या कामाची नसते.

रात्रीच्या कार्यक्रमासाठी १.८ आकड्याची, ५० मिलिमीटरची लेन्स वेगळी घ्यावी लागते. तिला झूम नसतो. मोठं-लहान करायचं तर आपणच पुढे-मागे सरकायचं. पण तीस फुटांवरून उभं जोडपं तिच्यात छान बसतं, आणि तेव्हाच कॅमेऱ्याची सातपट परात खरी कामाला येते. घरातल्या लहान खोलीत मात्र ती नको, भिंतीला पाठ टेकली तरी सगळं कुटुंब तिच्यात मावत नाही.

आता खर्च मांडू. खोक्यातल्या लेन्ससह सुरुवातीचा कॅमेरा ढोबळमानाने पन्नास ते सत्तर हजार. ही वेगळी लेन्स पंधरा ते वीस हजार. शिवाय कार्ड, जादा बॅटरी आणि पिशवी. सगळं धरून ऐंशी हजारांच्या आसपास. भाव बदलत राहतात, पण हिशोबाची रीत हीच ठेवा. म्हणजे ताईंच्या साठ हजारांत बहुधा कॅमेरा येईल, पण ज्यासाठी तो हवा ती लेन्स येणार नाही.

म्हणून आम्ही ताईंना सांगितलं, "गेल्या दोन वर्षांतले बिघडलेले वीस फोटो काढून ठेवा." मग आम्ही सगळ्या मिळून ते बघत बसलो. बिघाड ओळखायच्या खुणा अशा. मांडवाचा खांब स्वच्छ आणि फक्त माणसाचा हात पुसट असेल, तर माणूस हललं. खांबासकट सगळंच पुसट असेल, तर आपला हात हलला. दिव्याभोवती दुधट वलय आणि लांब रेषा असतील, तर लेन्सवर तेलकट बोट लागलेलं आहे. पाठीमागे लख्ख उजेड आणि चेहरा काळा असेल, तर माणूस उजेडाकडे पाठ करून उभं होतं. दूरचा चेहरा रंगाच्या फटकाऱ्यांसारखा दिसत असेल, तर ताणलेला तुकडा. फोटोच्या तपशिलात शटरचा वेळही दिसतो. १/३० किंवा त्याहून सावकाश असेल तर चालता-बोलता माणूस पुसट येणारच. १/१२५ ला सहसा स्वच्छ येतो.

ताईंच्या वीसपैकी पाच फोटोंत लेन्स तेलकट होती. चार फोटोंत पाठीमागे उजेड होता. सात फोटो हळदीच्या रात्रीचे, हात हललेले. उरलेले चार स्नेहसंमेलनातले, लांबून काढलेले.

पहिले नऊ फुकटात सुधारतात. पदराचा किंवा रुमालाचा मऊ, कोरडा कोपरा घेऊन लेन्स पुसायची, आणि माणसाचं तोंड उजेडाकडे करायचं.

हळदीच्या सात फोटोंत ताई जवळच, चार-पाच फुटांवर होत्या. तिथे भांडं बदलण्यापेक्षा पाऊसच वाढवायचा. साधा वीस वॅटचा पांढरा एलईडी बल्ब होल्डरला लावून नवरीच्या बाजूला, डोक्यापेक्षा जरा वर टांगायचा. बल्ब आठ फुटांवरून चार फुटांवर आणला तर उजेड दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतो. समोरच्या बाजूला पांढरी चादर धरली की चेहऱ्यावरची काळी सावली मऊ होते. वायर मात्र हळदीच्या पाण्यापासून आणि पोरांच्या पायांपासून लांब, वरच्या वर न्यायची. हा सगळा खर्च काही शे रुपयांचा.

राहिले चार. अंधार, हालचाल आणि अंतर, तिन्ही एकत्र. इथे बल्ब चालत नाही आणि आणखी भारी फोनही फारसा पुरत नाही. इथे कॅमेरा आणि ती १.८ ची लेन्सच लागते. ताईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे वर्षाला दोन फोटोंसाठी ऐंशी हजार?" त्यांनी पैसे ठेवून दिले. पुढच्या संमेलनाला कॅमेरा आणि लेन्स एका दिवसासाठी शहरातल्या दुकानातून भाड्याने आणायची, असं ठरलं. अनामत किती आणि ओरखडा पडला तर काय, हे आधी लिहून घ्यायचं.

पण हेच वीस फोटो दुसरीचे असते तर? एखादी जागरण-गोंधळ, भजनाचे फड, रात्रीची पालखी यांच्या मागे हिंडते आणि तिच्या वीसपैकी पंधरा फोटो शेवटच्या ढिगात पडतात. तिने फोनवर पैसे घालू नयेत. ऐंशी हजार होईपर्यंत थांबावं आणि लेन्ससकट कॅमेरा घ्यावा. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही.

एक शेवटची गोष्ट, फोन असो की कॅमेरा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. पडद्यावर तो चांगला दिसतो, पण त्यावरून बारा इंची छाप काढली तर पुसट येते. अल्बमसाठी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा मूळ फोटोच दुकानात घेऊन जा. आजीच्या मांडीवर पणतू बसलेला तो एक फोटो पुन्हा काढता येत नसतो, म्हणून मूळ प्रत फोनखेरीज आणखी एका जागी, पेन ड्राइव्हवर किंवा लेकीच्या फोनमध्ये, ठेवून द्या.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला आपापले बिघडलेले वीस फोटो घेऊन या आणि ढीग करा. कोणता ढीग मोठा ते बघा, मग पैशाची पिशवी उघडा.